पुरवठादारांना दिवाळीचा आभाराचा ईमेल: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आम्ही ज्यांचे हिशेब आणि ऑफिसचे ईमेल सांभाळतो, त्यांच्यापैकी बहुतेकांकडे तीस ते पन्नास पुरवठादार असतात. एवढ्या यादीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक एक्सेल शीट आणि एक मोकळी दुपार पुरते. भोसरी एमआयडीसीत इलेक्ट्रिकल पॅनेलचे पत्र्याचे बॉक्स बनवणारं एक छोटं युनिट उदाहरणादाखल धरू. त्याला पत्रा देणारे, पावडर कोटिंग करून देणारे, लॉक-बिजागरीवाले, गॅस्केटवाले, खोकीवाले आणि टेम्पोवाले अशा सगळ्यांना वर्षाचे आभार मानायचे आहेत.

मेल लिहायला बसण्याआधी देण्यांचं खातं उघडा. ज्याचं बिल तीन महिने अडकलंय, त्याला "तुमच्या सहकार्याबद्दल ऋणी आहोत" असं वाचून आनंद होत नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं किंवा सेवा देणाऱ्यांचं बिल लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं असतं. ती मुदत उलटून गेली असेल तर आधी पेमेंट करा, मेल नंतर पाठवा. दिवाळीआधी पूर्ण रक्कम शक्य नसेल तर फोन करून तारीख सांगा. शुभेच्छांच्या मेलमध्ये थकबाकीचा विषय काढू नका आणि खात्याची शिल्लकही जुळवायला घेऊ नका. शिल्लक जुळवण्याचं पत्र एप्रिलमध्ये वेगळं जातं.

कधी पाठवायचा

वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, कामाच्या दिवशी, सकाळी. धनत्रयोदशीपासून इनबॉक्समध्ये बँका आणि मोबाइल कंपन्यांच्या शुभेच्छांचा ढीग पडतो, त्यात तुमचा मेल दिसणार नाही. पाडव्यानंतरचा काळ तर त्याहून वाईट, कारण पत्रा, रंग, हार्डवेअरच्या धंद्यातले बरेच गुजराती व्यापारी लाभपंचमीलाच पुन्हा दुकान उघडतात. मार्चअखेरीस मेल पाठवण्याची पद्धतही काही ठिकाणी आहे. त्या दिवसांत समोरचा माणूस बिलांच्या राशीत बुडालेला असतो, म्हणून आम्ही ती सुचवत नाही.

काय लिहायचं

"दर्जेदार सेवा", "मोलाचं सहकार्य" हे शब्द सगळ्यांच्याच मेलमध्ये असतात. एखादी घडलेली गोष्ट असेल तर मेल वाचला जातो. ती डोक्यातून आठवत बसू नका. आवक रजिस्टर आणि त्या पुरवठादाराबरोबरचं व्हॉट्सॲपचं बोलणं चाळा, "अर्जंट" हा शब्द शोधा, हमखास सापडते. पत्र्याच्या व्यापाऱ्याला जाणारा मेल असा होऊ शकतो:

> विषय: दिवाळीच्या शुभेच्छा आणि वर्षभराचे आभार (तुमच्या फर्मचं नाव, भोसरी)
>
> नमस्कार शहाभाई,
>
> जुलैमध्ये १.६ मिमी पत्रा बाजारात मिळत नव्हता, तेव्हा तुम्ही दोन टन माल आमच्यासाठी बाजूला ठेवलात. त्यामुळे आमची एकही डिलिव्हरी अडली नाही. मनापासून आभार.
>
> जानेवारीपासून मोठ्या मापाची पॅनेल सुरू करायचा विचार आहे. २ मिमी पत्रा जास्त लागेल असा अंदाज आहे. नक्की आकडा पर्चेस ऑर्डरमधूनच कळवू.
>
> लक्ष्मीपूजन ते भाऊबीज आमचं युनिट बंद राहील. माल पाठवायचा असल्यास धनत्रयोदशीच्या दुपारपर्यंत पोहोचेल असं बघावं.
>
> तुम्हाला, घरच्यांना आणि गोडाऊनवरच्या सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छा.

पुढच्या वर्षाबद्दल लिहिताना "अंदाज" आणि "ऑर्डर" यांत गल्लत होऊ देऊ नका. "पुढच्या वर्षी दुप्पट माल घेऊ" असं लिहिलंत तर समोरचा खरोखर माल भरून ठेवतो आणि मार्चमध्ये तो मेल तुमच्यासमोर धरतो. दुसरी अडचण नाकारलेल्या मालाची. कोटिंगवाल्याकडचे वीस बॉक्स सोललेल्या रंगामुळे परत गेले असतील आणि डेबिट नोट अजून वादात असेल, तर त्याला "वर्षभर तुमचं काम निर्दोष होतं" असं चुकूनही पाठवू नका. त्याच्या वेळेवरच्या डिलिव्हरीबद्दल किंवा रात्रपाळी करून दिलेल्या मदतीबद्दल आभार माना, दर्जाबद्दल गप्प राहा.

कसा पाठवायचा

सगळे पत्ते "To" मध्ये टाकून एकच मेल पाठवणं ही नेहमीची चूक. तुमचे पत्र्याचे दोन व्यापारी एकमेकांचे स्पर्धक असतात आणि दोघांनाही कळतं की तुम्ही कोणाकोणाकडून माल घेता. वर एखादा "Reply all" करतो आणि मग दिवसभर सगळ्यांचे "धन्यवाद, तुम्हालाही" येत राहतात. "Bcc" मध्ये टाकल्यास पत्ते झाकले जातात, पण मेलमध्ये कोणाचंही नाव घालता येत नाही, आणि असे मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यताही वाढते.

त्यापेक्षा एक्सेलमध्ये चार रकाने करा: फर्म, संबोधन, ईमेल, खास ओळ. संबोधनाचा रकाना हाताने भरायचा. कोणी शहाभाई, कोणी पाटील साहेब, कोणी काका, कोणी मॅडम. फोनवर ज्याला जसं हाक मारता तसंच लिहा. "श्री./सौ." असं सरसकट टाकलेलं परकं वाटतं. मराठी न वाचणाऱ्यांची यादी वेगळी काढून त्यांना हिंदी मजकूर द्या.

वर्डमध्ये मजकूर तयार करून "Mailings" मधून मेल मर्ज करा आणि शेवटी "Finish & Merge" मधला ईमेलचा पर्याय निवडा. यासाठी संगणकावर जुनं, म्हणजे क्लासिक आउटलूक लागतं. या पद्धतीत अटॅचमेंट जोडता येत नाही, आणि शुभेच्छांच्या मेलला ती नसलेलीच बरी. खास ओळीचा रकाना एखाद्याचा रिकामा राहिला तर त्याच्या मेलमध्ये तिथे नुसती पोकळी राहते, म्हणून पाठवण्याआधी "Preview Results" मध्ये प्रत्येक मेल पाहून घ्या. ज्या आठ-दहा जणांवर धंदा चालतो, त्यांचे मेल मात्र मर्जमधून काढून एकेक करून पाठवा.

मराठी मजकुराची आणखी एक खोड आहे. तुमच्या डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलेला मजकूर त्याच्या संगणकावर सुरेख दिसतो, पण मेलमध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ होतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे दोन ओळी कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तिथे मराठी दिसलं तर मेलमध्येही दिसेल. नाही दिसलं तर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घ्या. फक्त चित्राचं ग्रीटिंग पाठवलंत तर अनेक ऑफिसांत मेल उघडल्यावर चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते. पणतीचं चित्र हवंच असेल तर खाली लहान ठेवा, मजकूर अक्षरांतच हवा.

या मेलमध्ये तुमचा बँक खाते क्रमांक, जीएसटी क्रमांकातला बदल किंवा कोणतीही लिंक टाकू नका. सणासुदीला पुरवठादाराच्या नावाने "आमचं खातं बदललंय, पुढचं पेमेंट इथे करा" असे खोटे मेल फिरतात, आणि तुमच्या शुभेच्छांना आलेलं उत्तर म्हणूनही असा मेल येऊ शकतो. तसा आला तर मेलमधल्या नंबरवर नाही, तुमच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे तोवर थांबवा.

दुसऱ्या दिवशी परत आलेले मेल पाहा. पत्ता चुकला असेल तर तो एक्सेलमध्ये सुधाराच, पण अकाउंटिंगच्या मास्टरमध्येही सुधारा. पेमेंट ॲडव्हाइस आणि पर्चेस ऑर्डर त्याच चुकीच्या पत्त्यावर जात असण्याची शक्यता मोठी आहे.