अ‍ॅपचे युनिट बिलाशी जुळत नाहीत? फोन करायच्या आधी एवढं बघा

बिल आलं की ठाणे, ऐरोली, खारघर सगळीकडून आम्हाला एकच फोन येतो, तुम्ही घरात बसवलेल्या वीज मोजायच्या मशीनचं अ‍ॅप 301 युनिट दाखवतंय आणि महावितरणचं बिल 340 चं आलंय, तुमचं मशीन चुकतंय. बहुतेक वेळा मशीन बरोबर असतं, तारखा चुकलेल्या असतात. अ‍ॅप मे महिना म्हणजे 1 ते 31 मे धरतं आणि बिल धरतं मागील रीडिंगपासून चालू रीडिंगपर्यंत. समजा बिलावर मागील रीडिंग 4 मेचं 8412 आणि चालू रीडिंग 7 जूनचं 8752 आहे, तर ते 34 दिवसांचे 340 युनिट झाले. अ‍ॅपमध्ये कस्टम तारीख टाकून तेच 34 दिवस बघा, 333 च्या आसपास येईल. डीबी म्हणजे घरातल्या मुख्य एमसीबी बोर्डातल्या वायरवर क्लॅम्प लावून मोजताना दोनेक टक्के फरक राहतोच, तो आम्ही दुरुस्त करू असं खोटं सांगत नाही.

म्हणूनच आम्ही आधी बिलाचा फोटो मागतो आणि मगच माणूस पाठवतो, काहींना ही टाळाटाळ वाटते पण तारखा जुळवून प्रश्न सुटत असेल तर तुमच्याकडून व्हिजिटचे पैसे का घ्यायचे. तारखा जुळवूनही फरक मोठाच राहिला तर मीटरवर kWh लिहिलेला आकडा बघा (स्क्रीन आपोआप बदलत राहते, व्होल्टेज किंवा MD चा आकडा घेऊ नका), तीन दिवसांनी त्याच वेळेला परत बघा आणि दोन्ही फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. त्या तीन दिवसांचे अ‍ॅपचे युनिटही मीटरशी जुळले नाहीत तर आम्ही येऊन क्लॅम्प तपासतो, कधी तो नीट बंद झालेला नसतो, कधी इलेक्ट्रिशियनने काम करताना फेज आणि न्यूट्रल दोन्ही त्यात घातलेले असतात आणि मग अ‍ॅप जवळजवळ शून्य दाखवतं.

अ‍ॅपमधल्या रुपयांवर मात्र फार जाऊ नका. तिथे बहुधा एकच दर टाकलेला असतो, बिलात स्लॅब असतात, 100 च्या वर दर चढतो, 300 च्या वर अजून चढतो, शिवाय स्थिर आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क. युनिट बघा.

आणि खरी बचत कुठे सापडते म्हणाल तर रात्री तीनच्या ग्राफमध्ये. एसी बंद असलेल्या रात्री बघा, फ्रिज मधूनमधून चालू-बंद होतो तेवढंच दिसायला हवं. फ्रिज बंद असतानाही रेषा 150 वॉटवर टिकून असेल तर सेट टॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टर असलं काहीतरी सतत खातंय आणि ते 30 दिवसांत 108 युनिट होतं. दर काही तासांनी 2000 वॉटचा छोटा सुळका दिसला तर गीझरचा स्विच चालूच राहिलाय, पाणी गार झालं की तो परत तापवतो.

नेमकं कोण खातंय ते कळत नसेल तर आमच्याकडे प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर आठवड्यासाठी भाड्याने मिळतो, टीव्हीच्या एक्स्टेन्शन बोर्डापासून सुरुवात करा. गीझर आणि एसीला तो लावू नका, त्यांच्यासाठी डीबीत वेगळा क्लॅम्प लागतो, तो आम्ही बसवून देतो.