हिस्टोग्राम इक्वलायझेशन आणि हिस्टोग्राम स्पेसिफिकेशन: एकाच तक्त्यावर दोन्ही

दोन्ही पद्धती हिस्टोग्राम बदलतात, दोन्हींत संचयी बेरीज वापरतात आणि दोन्हींचं उत्तर शेवटी एका लुक-अप टेबलमध्येच येतं: जुनी लेव्हल अमुक, तर नवी लेव्हल तमुक. म्हणून त्यांची गल्लत होते. फरक आहे तो उद्दिष्टात. इक्वलायझेशनला बाहेरून काहीच सांगावं लागत नाही, ते पिक्सेल सगळ्या लेव्हल्सवर शक्य तितके सारखे पसरवू पाहतं. स्पेसिफिकेशनला (यालाच हिस्टोग्राम मॅचिंगही म्हणतात) आपण सांगतो, की निकालाचा हिस्टोग्राम अमुक आकाराचा हवा.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो मोठी काळी पार्श्वभूमी असलेल्या चित्रात. काळ्या आकाशातला एखादा ग्रह किंवा काळ्या पटावरचा एक्स-रे घ्या. अशा चित्राची छोटी प्रतिकृती म्हणून १०० पिक्सेलचं, ३ बिटचं, म्हणजे ० ते ७ अशा आठ ग्रे लेव्हल्सचं चित्र घेऊ. ० म्हणजे काळा, ७ म्हणजे पांढरा. ४४ पिक्सेल नुसते काळे आहेत आणि पाहण्यासारखं जे काही आहे ते १ ते ३ या अंधाऱ्या लेव्हल्समध्ये दाटलेलं आहे.

| लेव्हल | मूळ पिक्सेल | मूळ संचयी | टार्गेट पिक्सेल | टार्गेट संचयी |
|---|---|---|---|---|
| ० | ४४ | ४४ | ४० | ४० |
| १ | २२ | ६६ | १२ | ५२ |
| २ | १२ | ७८ | १२ | ६४ |
| ३ | ८ | ८६ | १० | ७४ |
| ४ | ६ | ९२ | १० | ८४ |
| ५ | ४ | ९६ | ८ | ९२ |
| ६ | ३ | ९९ | ५ | ९७ |
| ७ | १ | १०० | ३ | १०० |

आधी इक्वलायझेशन करू. टार्गेटचे दोन रकाने झाका, त्यांची इथे गरज नाही. मूळ संचयी संख्येला १०० ने भागायचं, ७ ने गुणायचं आणि जवळच्या पूर्णांकावर न्यायचं. लेव्हल ० साठी ०.४४ × ७ = ३.०८, म्हणजे ३. लेव्हल १ साठी ४.६२, म्हणजे ५. असंच पुढे गेलं की ० ते ७ या लेव्हल्स अनुक्रमे ३, ५, ५, ६, ६, ७, ७, ७ होतात.

निकाल नीट पाहा. काळी पार्श्वभूमी थेट ३ वर, म्हणजे मधल्या राखाडीच्या उंबरठ्यावर आली. ०, १, २ आणि ४ या लेव्हल्स रिकाम्या पडल्या आणि आठ छटांच्या जागी चारच उरल्या. चित्र उजळलं खरं, पण फिकट आणि धुरकट झालं. पद्धत चुकलेली नाही, तिने सांगितलेलं काम चोख केलं. ४४ टक्के पिक्सेल एकाच लेव्हलवर असतील तर ‘सगळीकडे सारखं पसरव’ या आज्ञेत त्यांना शून्यावर ठेवायला जागाच नसते.

आता टार्गेटचे रकाने उघडा. या टार्गेटमध्ये आपण म्हणतोय, की काळा बहुतांशी काळाच राहू दे, पण उरलेल्या पिक्सेलना १ ते ५ मध्ये मोकळं बसव. इथे ७ ने गुणण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक मूळ संचयी संख्या घ्यायची आणि टार्गेटच्या संचयी रकान्यात तिच्या सर्वांत जवळची संख्या शोधायची. ती ज्या लेव्हलसमोर असेल, ती नवी लेव्हल.

लेव्हल ० ची संचयी संख्या ४४. टार्गेटमध्ये तिच्या आजूबाजूला ४० आणि ५२ आहेत. ४० जवळची, म्हणून ० चा ० च राहिला. लेव्हल १ ची ६६. जवळची ६४, ती लेव्हल २ समोर, म्हणून १ चा २ झाला. लेव्हल २ ची ७८. तिच्यापासून ७४ चार अंतरावर आणि ८४ सहा अंतरावर, म्हणून २ चा ३. पुढे ३ चा ४, ४ चा ५, ५ चा ६, आणि ६ व ७ दोन्ही ७ वर. पूर्ण टेबल: ०, २, ३, ४, ५, ६, ७, ७.

नव्या चित्रात ० वर ४४, २ वर २२, ३ वर १२, ४ वर ८, ५ वर ६, ६ वर ४ आणि ७ वर ४ पिक्सेल येतात. काळा काळाच आहे, अंधारातले तपशील वर सरकले आहेत आणि आठपैकी सात छटा शाबूत आहेत.

टार्गेट मात्र हुबेहूब मिळालेलं नाही. लेव्हल १ वर १२ पिक्सेल हवे होते, तिथे एकही नाही. कारण एका लेव्हलचे सगळे पिक्सेल एकत्रच हलतात. ४४ मधले चार बाजूला काढून १ वर बसवायचे, तर कोणते चार, हे ठरवायला टेबलकडे काही आधार नाही. ही मर्यादा दोन्ही पद्धतींना सारखीच लागू आहे. आठऐवजी २५६ लेव्हल्स असल्या की ही तफावत सहसा कमी जाणवते, पण मोठा काळा ढीग तिथेही फुटत नाही.

खरी गोची आहे ती मधल्या राऊंडिंगमध्ये. स्पेसिफिकेशन बऱ्याचदा दोन टप्प्यांत शिकवतात: आधी मूळ चित्र इक्वलाइझ करा, मग टार्गेटही इक्वलाइझ करा आणि दोन पूर्णांकांची गाठ घाला. गणिती कल्पना म्हणून ते बरोबरच आहे. पण दोन्हीकडे पूर्णांक केले की काय होतं ते याच तक्त्यावर पाहा. मूळ लेव्हल्स ३, ५, ५, ६, ६, ७, ७, ७ आणि टार्गेटच्या ३, ४, ४, ५, ६, ६, ७, ७. गाठ घातली, आणि एकाहून जास्त पर्याय असतील तिथे लहान लेव्हल घेतली, तर टेबल येतं ०, ३, ३, ४, ४, ६, ६, ६. पुन्हा चारच छटा, आणि पांढरा ७ गायब! मूळच्या १ आणि २ या लेव्हल्स पहिल्याच टप्प्यात एक झाल्या होत्या. दुसरा टप्पा त्यांना वेगळं करू शकत नाही. म्हणून राऊंडिंग न करता संचयी संख्यांचीच तुलना करावी, असं माझं ठाम मत आहे. कोडमध्ये तेवढंच लागतं:

```python
import numpy as np
src = np.array([44, 22, 12, 8, 6, 4, 3, 1])
ref = np.array([40, 12, 12, 10, 10, 8, 5, 3])
cs, ct = np.cumsum(src), np.cumsum(ref)
lut = [int(np.argmin(abs(ct - c))) for c in cs]
```

दोन चित्रांचे एकूण पिक्सेल वेगळे असतील, तर संचयी संख्या आपापल्या एकूण संख्येने भागून घ्या.

‘जवळची’ ऐवजी ‘तेवढी किंवा त्याहून मोठी असलेली पहिली’ संख्या घ्यायचा नियमही चालतो. पण इथे तो लावला तर ४४ साठी ५२ निवडली जाते आणि काळा ० चा १ होतो. पार्श्वभूमी काळी राहायलाच हवी असेल तर निकालात लेव्हल ० कुठे गेली, हे आधी तपासावं.

टार्गेट दुसऱ्या चित्रावरून घेतलं असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हिस्टोग्रामला कोणता पिक्सेल कुठे आहे हे कळत नाही, फक्त किती आहेत हे कळतं. संदर्भचित्रात अर्धं उजळ आकाश असेल आणि आपल्या चित्रात आकाशच नसेल, तरी आपल्या चित्रातले सर्वांत उजळ अर्धे पिक्सेल, मग ते भिंतीचे असोत वा चेहऱ्याचे, आकाशाइतके उजळ केले जातील. याची खूण टेबलमध्येच सापडते: शेजारच्या दोन लेव्हल्स नव्या टेबलमध्ये एकदम खूप लांब गेल्या असतील, तर सपाट भागांत तिथे पट्टे उमटतात.