सुईला टोपण लावलं म्हणजे झालं?

"इन्सुलिनची सुई वापरून झाली की टोपण लावून कचऱ्यात टाकली तरी चालते ना, टोपण असल्यावर कुणाला टोचणार?"

नाही चालत. इन्सुलिन पेनची सुई काढून नीट बघा, तिला दोन टोकं असतात, एक त्वचेत जातं आणि दुसरं मागचं, जे पेनमधल्या कार्ट्रिजच्या रबरात घुसतं. टोपण फक्त पुढचं टोक झाकतं, मागचं उघडंच राहतं आणि कचऱ्याची पिशवी दाबून बांधणाऱ्याच्या हातात तेच घुसतं. आतलं बारीक टोपण तर परत लावूच नका, ते लावतानाच बोटाला टोचतं. बाहेरचं मोठं टोपण बसवून सुई फिरवून काढायची आणि तशीच वापरलेल्या सुयांच्या शार्प्स डब्यात टाकायची.

खास शार्प्स डबा नसेल तर लिक्विड डिटर्जंटची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची बाटली नको, ती दाबली जाते आणि सुई आरपार येते, काच फुटते म्हणून तीही नको. साखर तपासायला बोट टोचायचं लॅन्सेटही हात न लावता डिव्हाइसमधून थेट बाटलीतच पाडायचं. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून टेप मारा, वर 'वापरलेल्या सुया' लिहा आणि कुठे द्यायची ते मेडिकलवाल्याला किंवा दवाखान्यात विचारा, भंगारात मात्र नको.

कुणाला टोचलीच तर जखम पिळत बसू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.