निकालाधारित वेतन (शिक्षकांचे)

शिक्षकाच्या पगाराचा, बढतीचा किंवा बक्षिसाचा काही भाग विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील कामगिरीवर अवलंबून ठेवण्याची पद्धत. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांचे सरकारी अनुदान हजेरीशी आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेशी जोडले. निरीक्षक वर्गात येऊन मुलांची परीक्षा घेई आणि त्यावर शाळेचे पैसे ठरत. मुलांकडून वाचनाचे पुस्तक तोंडपाठ करून घेणे हा त्यावरचा शाळांचा तोडगा होता. पुस्तक पाठ असले की वाचता येण्याची गरज उरत नसे. निकाल पाहून अनुदान देण्याची ही रीत मुंबई इलाख्यातल्या अनुदानित शाळांनाही लागू झाली होती. इंग्लंडमध्ये ती शतक संपण्याआधी बंद पडली.

महाराष्ट्रात शिक्षकाचा मूळ पगार निकालावर ठरत नाही. तो वेतन आयोगाच्या तक्त्यातून येतो. मात्र 12 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि 24 वर्षांनंतर निवडश्रेणी मिळते, आणि ऑक्टोबर 2017 च्या शासन निर्णयाने याच टप्प्यांना निकालाची अट जोडली. शाळा ‘शाळासिद्धी’ या शाळांच्या मूल्यांकनात ‘अ’ श्रेणीत हवी आणि नववी-दहावीला शिकवणाऱ्यांचा निकाल 80 टक्क्यांच्या घरात हवा, असा तिचा मथितार्थ होता. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि अट पुढे मागे घेण्यात आली. शाळासिद्धीची माहिती शाळा स्वतःच भरते, त्यामुळे तो भाग फारसा अवघड नव्हता. खरी गंमत 80 टक्क्यांत होती.

समजा, कळव्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीच्या तुकडीत 40 मुले आहेत. जानेवारीतली सराव परीक्षा झाली. वर्गशिक्षिका निकालपत्रक पुढ्यात घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसल्या आहेत. 29 मुले नक्की पास होणार, म्हणजे 72.5 टक्के. 80 टक्के गाठायला 32 मुले हवीत, तीन कमी पडतात. उरलेल्या 11 मुलांपैकी चार-पाच काठावर आहेत, गणितात 28-30 गुण मिळवणारी. बाकीच्यांना अपूर्णांकांची बेरीजही जमत नाही.

बाईंपुढे दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे काठावरच्या मुलांना शाळा सुटल्यावर थांबवून तीन जणांना पास करणे. 32 भागिले 40, बरोबर 80 टक्के. त्यासाठी दीड-दोन महिने घाम गाळावा लागेल, आणि यश येईलच याची खात्री नाही. दुसरा रस्ता आधीच्या वर्षीच घ्यायचा असतो: नववीतल्या चार कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून “नियमित झेपणार नाही, दाखला काढा आणि 17 नंबरचा फॉर्म भरा” असे सांगणे. 17 नंबरवाला खासगी विद्यार्थी म्हणून बसतो, शाळेच्या नियमित निकालात धरला जात नाही. मग छेदात 40 ऐवजी 36 उरतात. 29 भागिले 36, साडेऐंशी टक्के. एकही मूल काही जास्त शिकले नाही आणि अट पूर्ण झाली. नववीत नापास करून मागे ठेवले तरी दहावीचा निकाल तसाच सुधारतो, पण नववीचाही निकाल मोजायचा असेल तर ते अंगलट येते. म्हणून दोन्ही वर्गांवर अट घातली की 17 नंबर आणि नववीच्या सोप्या पेपरांचे महत्त्व वाढते. नववीचा पेपर शाळाच काढते आणि शाळाच तपासते.

यात बाई वाईट आहेत असे मानायचे कारण नाही. पहिल्या रस्त्यावर चालणाऱ्या शिक्षिकेलाही उरलेल्या सहा-सात मुलांवर वेळ घालवणे तोट्याचे ठरते, कारण ती तीनवरून तीसवर आली तरी नापासच राहतात. वरच्या मुलांना 70 वरून 85 वर नेण्याचीही किंमत शून्य. उंबरठ्याच्या आसपासची मुलेच तेवढी हिशेबात येतात. शिकागोच्या शाळांत पास-नापासाची रेषा ठरवून शाळांना जबाबदार धरले गेले, तेव्हा असेच दिसले: गुण वाढले ते मधल्या मुलांचे, तळातल्यांचे फारसे हलले नाहीत. त्याच शहरात जेकब आणि लेव्हिट या अभ्यासकांनी उत्तरपत्रिकांतील संशयास्पद नमुने शोधले. प्राथमिक वर्गांपैकी दरवर्षी निदान 4 ते 5 टक्क्यांत शिक्षक किंवा प्रशासनाने फेरफार केला असावा, असा त्यांचा अंदाज होता.

गुण देणारा आणि गुणांवर ज्याचे काही अवलंबून आहे तो एकच असला की काय होते, हे आपल्या दहावीतच पाहता येते. भाषांना लेखी 80 आणि अंतर्गत 20 अशी रचना असताना अंतर्गत गुण शाळेतलेच शिक्षक देत. 18 मिळाले की लेखीत 17 पुरेसे. मार्च 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले आणि राज्याचा निकाल 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सगळी घसरण एका कारणावर टाकता येणार नाही. पण पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परतले आणि निकाल 95.30 झाला (त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण दिले होते, हेही लक्षात घ्यावे). आणि हे शिक्षकाच्या खिशाला थेट काही लागत नसताना!

पैसे लावूनही बिघडणार नाही अशी रचना असते का? आंध्र प्रदेशात मुरलीधरन आणि सुंदररामन यांनी 2005 पासून केलेल्या प्रयोगात बक्षीस पास-नापासावर ठेवले नव्हते. मुलांची आधी चाचणी घेतली, वर्षअखेर पुन्हा घेतली, आणि सरासरी सुधारणा 5 टक्क्यांच्या वर जाईल तितक्या प्रत्येक टक्क्याला 500 रुपये दिले. चाचण्या बाहेरच्या संस्थेने घेतल्या. खालच्या मुलाचा एक गुण आणि वरच्याचा एक गुण यांची किंमत सारखीच होती, त्यामुळे काठावरच्यांचेच तेवढे लाड करण्याचे कारण उरले नाही. बक्षीस सरासरीने वार्षिक पगाराच्या सुमारे 3 टक्के भरले, तरी गणित आणि भाषेत ठळक वाढ दिसली, आणि ज्या विषयांना बक्षीस नव्हते त्यांतही मुले मागे पडली नाहीत. केनियात मात्र सरकारी परीक्षेतल्या शाळेच्या गुणांवर शिक्षकांना बक्षिसे दिली. तिथे गैरहजर मुलाला कमी गुण धरून मुले गाळण्याची वाट बंद केली होती. तरी शिक्षकांची हजेरी वाढली नाही, परीक्षेच्या तयारीचे जादा वर्ग वाढले. बक्षिसाशी जोडलेल्या परीक्षेत गुण चढले, पण योजना संपल्यावर ती वाढ टिकली नाही. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत होर्डिंगवर टॉपरांचे फोटो लावणाऱ्या क्लासांचे गणित आणखी सोपे असते: आधीच 90 टक्के मिळवणारी मुले फी-सवलत देऊन आणायची.

शाळेत निकाल खरा वाढला की कागदावर, हे ओळखायला पास टक्केवारी उपयोगी नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या शाळा ज्या मुंबई विभागीय मंडळाखाली येतात त्याचे कार्यालय वाशीला आहे. तिथे दहावीसाठी पाठवलेल्या आवेदनपत्रांची संख्या आणि त्याच तुकडीची नववीच्या सुरुवातीची पटसंख्या शेजारी ठेवावी. पट 40 चा आणि आवेदनपत्रे 34 असतील, तर गेलेली सहा मुले बदलीने गेली, काम करू लागली की 17 नंबरकडे वळली, हे दाखला-रजिस्टरमध्ये शोधावे लागते. दुसरी खूण गुणांच्या विभागणीत असते. अंतर्गत 20 पैकी सगळ्यांना 18-19 आणि लेखीत निम्म्यांना 20 च्या आत, असा तक्ता दिसला की पहिला स्तंभ कोणी कशासाठी भरला ते वेगळे विचारावे लागत नाही.