मधुमेहींच्या डोळ्यांच्या चिठ्ठीवरचे तीन रकाने कुठून आले

फिजिशियनने किंवा आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णाला पडद्याच्या तपासणीसाठी नेत्रविभागाकडे पाठवताना एक छोटा फॉर्म भरायचा असतो. नाव, वय, गाव झालं की तीन प्रश्न येतात. मधुमेह किती वर्षांचा? अलीकडे साखर किती नियंत्रणात आहे? दिसण्याबाबत काही तक्रार? बहुतेक ठिकाणी हे रकाने 'टाइप २, ३ वर्षे, ठीक, नाही' असे घाईघाईत भरून चिठ्ठी पुढे सरकते. वास्तविक या तिन्ही प्रश्नांना वेगवेगळा इतिहास आहे, आणि तो माहीत असला की रकान्यात काय लिहायचं हे आपोआप बदलतं.

जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा बघता येऊ लागला तो हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवल्यावर. पुढच्या चार-पाच वर्षांतच व्हिएन्नाच्या एडुआर्ड येगरने मधुमेही रुग्णाच्या पडद्यावरचे पिवळसर ठिपके आणि रक्तस्राव नोंदवले. त्या काळातले मोठे नेत्रतज्ज्ञ आल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यांना मात्र ते पटलं नाही. मधुमेहामुळेच हे झालं याला पुरावा काय, असा त्यांचा सवाल होता. वाद बराच काळ रेंगाळला, आणि त्याला एक साधं कारण होतं. लहान वयात मधुमेह झालेले रुग्ण पडदा खराब होण्याइतके जगतच नव्हते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटोत इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि चित्र पालटलं. मुलं जगली, मोठी झाली, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्यांची दृष्टी जाऊ लागली. काळ हाच या विकाराचा मुख्य घटक आहे हे अशा रीतीने, जगलेल्या माणसांच्या डोळ्यांतून, दिसू लागलं. त्याला नेमके आकडे मात्र १९८० च्या दशकात मिळाले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या दक्षिण भागात रोनाल्ड क्लाइन आणि बार्बरा क्लाइन यांनी हजारो मधुमेहींच्या पडद्यांचे फोटो काढून त्यांची प्रतवारी केली. तिशीच्या आत मधुमेह निघालेल्यांपैकी पाच वर्षांहून कमी काळ झालेल्या १७ टक्के लोकांच्या पडद्यावर दोष होता. पंधरा वर्षे किंवा जास्त झालेल्यांत तो ९७.५ टक्क्यांवर गेला. मधुमेह तिशीनंतर निघालेल्यांत हेच आकडे २८.८ आणि ७७.८ टक्के होते.

दुसऱ्या जोडीतला पहिला आकडा पुन्हा बघा. उशिरा मधुमेह झालेल्यांत पहिल्या पाच वर्षांतच जवळजवळ एकोणतीस टक्क्यांत दोष, म्हणजे तरुणांपेक्षा जास्त. हे कसं? त्याचं उत्तर १९९२ मध्ये मॉरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी शोधलं. विस्कॉन्सिन आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या टाइप २ रुग्णांची माहिती घेऊन त्यांनी मधुमेहाची वर्षे आणि पडदा बिघडलेल्यांचं प्रमाण यांची रेषा काढली, आणि ती मागे वाढवत शून्यापर्यंत नेली. रेषा निदानाच्या दिवशी शून्यावर येतच नव्हती, ती निदानाच्या ४ ते ७ वर्षे आधी शून्यावर पोचत होती. पडद्यावर दोष दिसायला आणखी सुमारे पाच वर्षे लागतात असं धरलं, तर खरा मधुमेह निदानाच्या ९ ते १२ वर्षे आधीच सुरू झालेला असावा, असा त्यांचा हिशेब निघाला.

'मधुमेह किती वर्षांचा' या रकान्याची अडचण इथे आहे. टाइप १ मध्ये मूल अचानक आजारी पडतं, तहान-लघवी वाढते, वजन उतरतं, त्यामुळे तारीख बऱ्यापैकी खरी असते. म्हणून तिथे निदानानंतर पाच वर्षांनी पहिली पडदा-तपासणी करण्याचा नियम झाला. टाइप २ मध्ये आपण लिहितो ती 'शुगर कधी निघाली' याची तारीख, 'कधी सुरू झाली' याची नव्हे. त्यामुळे टाइप २ चं निदान झालं की लगेच पडदा बघायचा. रुग्णाच्या तोंडचं 'तीनच वर्षं झाली डॉक्टर' हे वाक्य जसंच्या तसं रकान्यात उतरलं तर वाचणाऱ्याची दिशाभूल होते. त्याशेजारी मधुमेह कसा निघाला, म्हणजे आरोग्य शिबिरात, गरोदरपणात, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्त तपासणीत की न भरणाऱ्या जखमेमुळे, इतकं लिहिलं तरी पुष्कळ कळतं.

नियंत्रणाचा रकाना त्या मानाने नवा आहे. एकेकाळी त्यात लघवीतली साखर लिहीत, नंतर उपाशीपोटीची. दोन्ही त्या दिवसाच्या गोष्टी. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर हे हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार तपासत असताना त्यांना मधुमेहींच्या रक्तात एक वेगळा पट्टा दिसला. साखर चिकटलेलं ते हिमोग्लोबिन, आजचं एचबीए१सी. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण चार महिन्यांचं असल्याने हा आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. पुढे अमेरिका आणि कॅनडातल्या १,४४१ टाइप १ रुग्णांवर १९८३ ते १९९३ अशी मोठी चाचणी झाली. त्यात कडक नियंत्रण ठेवलेल्यांचं एचबीए१सी सातच्या आसपास होतं, नेहमीच्या उपचारवाल्यांचं नऊच्या. सुरुवातीला पडदा स्वच्छ असलेल्यांत कडक नियंत्रणाने पडदा बिघडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. यानंतर फॉर्ममध्ये एचबीए१सीची जागा पक्की झाली.

याच चाचणीतली दुसरी गोष्ट फॉर्म छापणाऱ्यांच्या नजरेतून बहुतेक वेळा सुटली. ज्यांचा पडदा आधीच थोडा बिघडलेला होता त्यांच्यापैकी काहींचा, कडक नियंत्रण सुरू केल्यावर पहिल्या वर्षात आणखी बिघडला. नंतर ही माणसंही फायद्यातच राहिली, म्हणून नियंत्रण सोडू नये हे खरंच. पण साखर झपाट्याने खाली आणली जाते तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांना ते कळायलाच हवं. साखर उतरवणाऱ्या अलीकडच्या काही प्रभावी इंजेक्शनांबाबतही हाच मुद्दा पुन्हा पुढे आला आहे. एकटा '७.२' हा आकडा समाधानकारक वाटतो. 'चार महिन्यांपूर्वी ११.६, इन्सुलिन सुरू, आता ७.२' असं लिहिलं की तोच आकडा लवकर तपासा असं सांगतो. माझ्या मते या रकान्यात एक आकडा मागणंच चुकीचं आहे, तारखांसह दोन मागायला हवेत.

आणखी एक अडचण आपल्या महाराष्ट्रातली आहे. विदर्भाच्या पूर्व भागात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटं कमी येतं. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात उलट ते थोडं वाढून दाखवू शकतं. शिवाय सिकलसेल स्वतः पडद्याच्या रक्तवाहिन्या बंद करतो, म्हणजे तपासणाऱ्याला ते माहीत असणं दुप्पट गरजेचं. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर हिमोग्लोबिन आणि उपाशीपोटी व जेवणानंतरच्या साखरेचे आकडे लिहिणं हाच सोपा मार्ग.

आता तक्रारीचा रकाना. तो फॉर्मवर सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त चुकीचा वाचला जाणारा. पूर्वी मधुमेही डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचा तो दिसेनासं झाल्यावरच, आणि तेव्हा करण्यासारखंही फारसं नव्हतं. हे बदललं लेसरमुळे. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवलेल्या पडद्यावर लेसर केल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी होत होता. १९८५ मध्ये पडद्याच्या मध्यभागाच्या सुजेबाबतही लेसरचा फायदा सिद्ध झाला. पण लेसर मुख्यतः आहे ती दृष्टी टिकवतो, गेलेली क्वचितच परत आणतो. म्हणजे तक्रार येण्याआधी रुग्ण गाठायला हवा. नव्या वाहिन्यांचं जाळं पसरलेलं असताना माणूस आरामात पेपर वाचत असतो, असं नेहमीच दिसतं.

त्यामुळे 'तक्रार नाही' याचा अर्थ 'पाठवण्याची गरज नाही' असा होत नाही. पाठवायचं की नाही हे पहिले दोन रकाने ठरवतात, तक्रार फक्त किती घाईने हे सांगते. डोळ्यापुढे अचानक काळे धागे किंवा जाळं आलं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर ते त्याच दिवशी पाठवण्याचं काम. सरळ ओळ मधेच वाकडी दिसते, हे मध्यभागाच्या सुजेचं लक्षण असू शकतं, एक-दोन आठवड्यांच्या आत बघायला हवं. सकाळी स्पष्ट आणि संध्याकाळी धूसर, दर महिन्याला चष्म्याचा नंबर वेगळा, असं असेल तर बहुधा साखरेच्या चढउताराने भिंगाची फुगवट बदलते आहे, पडदा दोषी असेलच असं नाही. तक्रार विचारताना एकेक डोळा झाकून विचारावं. दोन डोळ्यांपैकी एक चांगला असला की रुग्णाला दुसऱ्याचं कळतच नाही.

हा सगळा भार एका कागदावर का आला, यालाही कारण आहे. इंग्लंडमध्ये २००३ पासून देशव्यापी तपासणी आहे. तिथे बारा वर्षांवरच्या मधुमेहींची नावं नोंदवहीत असतात आणि आमंत्रण थेट घरी जातं. आइसलंडने त्याहून आधी, १९८० मध्येच सुरुवात केली होती. आपल्याकडे अशी अखंड नोंदवही नाही. रुग्ण साखरेसाठी एका दवाखान्यात, औषधासाठी मेडिकलमध्ये आणि चष्म्यासाठी तिसरीकडे जातो. नोंदवहीचं काम चिठ्ठीला करावं लागतं.

एक नमुना घेऊ. ५४ वर्षांच्या एका बाईंची चिठ्ठी ग्रामीण रुग्णालयातून आली आहे असं समजा: 'मधुमेह ३ वर्षे, एचबीए१सी ७.२, तक्रार नाही.' नेत्रचिकित्सा अधिकारी ती वाचून वर्षभराच्या यादीत टाकतील, त्यात त्यांची चूक नाही. पण त्याच बाईंना चार प्रश्न विचारून चिठ्ठी अशी होते: 'साखर ३ वर्षांपूर्वी पायाची जखम भरेना म्हणून निघाली, त्याआधी कधी तपासलेली नाही. ४ महिन्यांपूर्वी एचबीए१सी ११.६, तेव्हा इन्सुलिन सुरू, आता ७.२. हिमोग्लोबिन ११. रक्तदाब १५०/९०. डावा डोळा झाकल्यावर उजव्याने वाचताना ओळ मधे वाकडी दिसते. पडदा आजवर कधीच तपासलेला नाही, लेसर किंवा डोळ्यात इंजेक्शन नाही.' आता ही चिठ्ठी एक-दोन आठवड्यांच्या यादीत जाते, आणि बाहुली मोठी करण्याचे थेंब घालून दोन्ही डोळ्यांचा पडदा बघावा, जमल्यास मध्यभागाचं स्कॅन करावं, हे वाचताक्षणीच ठरतं.

चिठ्ठीचा खालचा अर्धा भाग नेत्रविभागाने भरून परत पाठवायचा असतो. प्रत्येक डोळ्यात काय दिसलं आणि पुढची तपासणी कोणत्या महिन्यात, एवढं त्यात पुरतं. तो भाग रुग्णाच्या पिशवीतच राहिला, तर इन्सुलिन वाढवणाऱ्या डॉक्टरांना पडद्याची बातमी पोचत नाही. म्हणून काही ठिकाणी तो दोन प्रतींत छापतात, एक रुग्णाच्या हातात आणि एक थेट पाठवणाऱ्या दवाखान्याकडे.