केकचे 50 रुपये उतरवण्याआधी : आमच्या बेकरीवाल्या ग्राहकांसाठी एक हिशोब

गेल्या काही महिन्यांत आमच्या बेकरी-मालाच्या दुकानाच्या काउंटरवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. "समोरच्या बेकरीने अर्धा किलोचा पायनॅपल 300 ला लावलाय. मी 350 चा 300 केला तर परवडेल का? गिऱ्हाईक वाढेल ना. आणि मग क्रीम तुमच्याकडून बॉक्सने घेतलं तर किती सूट द्याल?" सिडकोतून येणाऱ्या ताई असोत की पंचवटीतले दादा, हा हिशोब दर वेळी बिलाच्या पाठीवर करून द्यावा लागतो, मागे रांग थांबते, आणि घाईत तो अर्धाच होतो. म्हणून सावकाश लिहून ठेवत आहोत.

प्रीमिक्स किती, क्रीम किती, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते इथे शिकवत नाही. खालचे आकडे एका छोट्या बेकरीचा नमुना म्हणून धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या बिलांवरचे आकडे घाला.

अर्धा किलोच्या एगलेस पायनॅपलला प्रीमिक्सचे 24 रुपये, 200 ग्रॅम क्रीमचे 44, पायनॅपलचे तुकडे आणि क्रश 22, तेल आणि साखरपाणी 6, चेरी-जेल 10, बोर्ड-बॉक्स-मेणबत्ती-सुरी 28, ओव्हनची वीज 8 आणि वाया जाणाऱ्या मालापोटी 8. एकूण 150. केक झाला नाही तर हे पैसे लागत नाहीत, झाला की लागतात. म्हणजे 350 ला विकलेल्या केकमागे 200 रुपये सुटतात आणि 300 ला विकलेल्यामागे 150.

दुसरीकडे महिन्याचा ठरलेला खर्च आहे, जो एक केक विकला काय किंवा 500 विकले काय, तेवढाच राहतो. भाडं 15,000, मदतनीस 14,000, फ्रीज आणि डीप फ्रीझरची वीज 5,000, किरकोळ 2,000, आणि तुमची स्वतःची मजुरी 12,000. हा शेवटचा आकडा बहुतेक जण लिहीत नाहीत. तो लिहाच, कारण पहाटे स्पंज लावायला तुम्हीच उठता. बेरीज 48,000.

आता ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कुठे येतो ते पाहा. 48,000 भागिले 200, म्हणजे महिन्याला 240 केक. किंमत 300 केली की 48,000 भागिले 150, म्हणजे 320 केक. किंमत उतरली साधारण 14 टक्के, पण केक वाढवावे लागले 33 टक्के.

बहुतेक जण इथेच थांबतात. "मी आज 300 केक विकतो, 320 ला ब्रेक-इव्हन येतो, म्हणजे 20 केक जास्त गेले की झालं." सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. 320 वर तोटा होत नाही, हे खरं. पण आज 300 केकवर तुमच्या हातात काय उरतं? 300 गुणिले 200 म्हणजे 60,000, त्यातून 48,000 गेले, उरले 12,000. हे 12,000 तुमच्याकडे आधीपासून येत आहेत, आणि 320 केकवर ते शून्य होतात. तुम्हाला 320 चा आकडा नको आहे. आजच्याइतकेच पैसे उरतील असा आकडा हवा आहे. तो असा काढा:

```
(48,000 + 12,000) ÷ 150 = 400 केक
```

म्हणजे 20 नाही, 100 केक जास्त. हे पटायला जड जातं, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. स्वस्त किंमत फक्त नव्या गिऱ्हाइकाला मिळत नाही. जे 300 केक 350 ला जातच होते, तेही आता 300 ला जाणार. त्यांच्यावर 50 रुपयांप्रमाणे 15,000 रुपये पहिल्याच महिन्यात तुम्ही स्वतःहून सोडून दिले. नवा प्रत्येक केक 150 रुपये आणतो. ते 15,000 भरून काढायला 100 नवे केक लागतात, आणि 101 व्या केकपासून तुमची कमाई सुरू होते. हा हिशोब करताना डोळ्यांसमोर नवं गिऱ्हाईक असतं, जुनं नसतं. गल्लत तिथेच होते.

घाईत असाल तर एवढंच लक्षात ठेवा : किमतीत केलेली कपात भागिले नव्या किमतीवर सुटणारे पैसे. 50 भागिले 150, म्हणजे एक तृतीयांश. आज जेवढे केक जातात, त्याच्या एक तृतीयांश जास्त जायला हवेत.

या प्रकारात गल्ला फसवतो. समजा किंमत उतरवल्यावर तुम्ही महिन्याला 360 केक विकले. दिवसाला 10 चे 12 झाले, दुकानात गर्दी दिसते, गल्ल्यात 1,05,000 ऐवजी 1,08,000 आले. मन म्हणतं, चाललंय. पण 360 गुणिले 150 म्हणजे 54,000, आणि 48,000 वजा केले की उरले 6,000. विक्री वाढली आणि नफा निम्मा झाला. म्हणून किंमत बदलल्यानंतरचे चार आठवडे गल्ला मोजू नका, केक मोजा. या नमुन्यात आठवड्याला 70 जात होते, ते 93 च्या पुढे जायला हवेत. तिसऱ्या आठवड्यातही 80-85 वर अडकले असाल, तर कपात भरून निघत नाही. आणि हे डिसेंबरच्या आकड्यांवर करू नका. ख्रिसमस आणि 31 तारखेची विक्री कपातीमुळे झाली असं वाटेल, पण ती तशीही झालीच असती.

"पण बॉक्सने क्रीम घेतलं तर स्वस्त पडेल ना?" पडेल, आणि आम्ही सूट देतोही. पण ती केवढी आहे ते पाहा. किलोमागे 10 रुपये कमी केले तर 200 ग्रॅमला 2 रुपये वाचतात. 150 ऐवजी 152 सुटतील, आणि 400 ऐवजी 395 केक लागतील. आमच्या सवलतीने पाच केकचा फरक पडतो. गिऱ्हाइकाला दिलेले 50 रुपये त्यातून निघत नाहीत. माल विकणाऱ्याने असं सांगावं याचं काही जणांना नवल वाटतं. पण ज्याची बेकरी दोन वर्षांनीही चालू असेल, तोच आमच्याकडे दर आठवड्याला येणार आहे.

मागच्या वर्षी एका ताईंनी किंमत उतरवायच्या जोरावर एकदम चार बॉक्स क्रीम नेलं. अपेक्षेएवढे केक गेले नाहीत, आणि तीन आठवड्यांनी दीड बॉक्स परत घेऊन आल्या. पाकिटं दाबून पाहिली तर कडांना मऊ होती, मधे पुन्हा गोठलेली. त्यांच्या घरचा फ्रीझर वीज गेली की तासन्‌तास बंद राहत होता. गोठलेलं व्हिपिंग क्रीम उणे 18 अंशांवर ठेवावं लागतं. एकदा वितळून पुन्हा गोठलं की त्यातलं पाणी आणि फॅट वेगळं होतं, फेटताना दाणेदार होतं, आणि पाइपिंगची धार उभी राहत नाही. असं पाकीट आम्ही दुसऱ्याला विकू शकत नाही. काउंटर सोडून गेलेलं क्रीम आम्ही परत घेत नाही, त्यामागे कारण एवढंच आहे. ताईंना वाईट वाटलं, आम्हालाही वाटलं. तेव्हापासून मोठी ऑर्डर आली की आम्हीच आधी विचारतो, रोज किती केक जातात? 100 केक वाढणार असतील तर 20 किलो क्रीम जास्त लागेल, आणि ते आठवड्याला पाच-पाच किलो नेता येतं. एकाच महिन्यात मिळून एक बॉक्स भरला तर बॉक्सचाच भाव लावतो, म्हणजे साठा करून सूट मिळवायची गरज राहत नाही.

हे 400 केक करणार कोण, याचाही विचार करा. दिवसाला 10 केक एका हाताने होतात. 13-14 होतात का? शनिवारी आणि रविवारी 25 होतात का? त्यासाठी अर्धवेळ माणूस 9,000 ला ठेवला, तर 48,000, 12,000 आणि 9,000 मिळून 69,000 भागिले 150, म्हणजे 460 केक. ठरलेला खर्च असा पायरीने चढतो. आणि हे जादा केक घेणार कोण? केक 50 रुपयांनी स्वस्त झाला म्हणून कोणाचा वाढदिवस वर्षातून दोनदा येत नाही. नवं गिऱ्हाईक शेजारच्या बेकरीतूनच येणार, आणि शेजारचेही गप्प बसणार नाहीत. त्यांनीही 50 उतरवले तर दोघांचे जुने पैसे गेले आणि नवं गिऱ्हाईक कोणालाच मिळालं नाही.

किंमत उतरवायचीच असेल तर आम्ही सुचवतो, सोमवार ते बुधवारपुरती उतरवा. समजा त्या तीन दिवसांत महिन्याला 75 केक जातात. त्यांच्यावर सोडलेले पैसे 3,750, आणि ते भरायला 25 जादा केक. प्रमाण तेच, एक तृतीयांश, पण फसलं तर 15,000 ऐवजी 3,750 पणाला लागतात आणि गुरुवारी जुना भाव आपोआप परत येतो. वाढदिवसाचा केक त्याच दिवशी लागतो, त्यामुळे शनिवारचं गिऱ्हाईक सोमवारकडे फारसं सरकत नाही.

ऑनलाइन ॲपवर विकत असाल तर कमिशन आधी वजा करा. समजा 25 टक्के कापले जात असतील, तर 350 वर 112.50 सुटतात आणि 300 वर 75. तिथे एक तृतीयांश पुरत नाही, दीडपट विक्री लागते. आणि जीएसटी नोंदणी असेल तर पाटीवरच्या किमतीतून कर काढून मगच हिशोब करा. 22 सप्टेंबर 2025 पासून केकवरचा कर 18 वरून 5 टक्के झाला आहे, म्हणजे 315 च्या पाटीतले तुमचे 300.

शेवटी एक काम घरी करून या. आयसिंग सुरू करण्याआधी क्रीमचं भांडं काट्यावर ठेवा, केक झाल्यावर पुन्हा ठेवा. सलग पाच केकचं वजन लिहा. बरेच जण 200 ग्रॅम म्हणतात आणि काटा 260 दाखवतो. तेवढ्याने केकमागे 13 रुपये जातात, सुटणारे पैसे 137 वर येतात, आणि 100 ऐवजी 110 जादा केक लागतात. किंमत उतरवण्याआधी हे 13 रुपये हातात आले तर बरं.

ते पाच आकडे, महिन्याचा खर्च आणि मागच्या तीन महिन्यांतली केकची संख्या एका कागदावर लिहून दुपारी 2 ते 4 मध्ये काउंटरवर या. त्या वेळी गर्दी नसते, आम्ही बसून पूर्ण हिशोब करून देतो. त्याचे पैसे लागत नाहीत, आणि त्या दिवशी माल घ्यायलाच हवा असंही नाही. छोटा काटा नसेल तर आमच्याकडे मिळतो. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा घ्या, पाच ग्रॅमचा नको.