पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी शोधायची कशी?

दिवाळीच्या आधी रांगोळीच्या व्हिडिओंवर ‘सुंदर’, ‘सोपी’, ‘आकर्षक’ अशी शीर्षके दिसतात. शोधयंत्राला या शब्दांचा जवळजवळ काहीच उपयोग नसतो. कॅरेन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने 1972 मध्ये मांडलेले तत्त्व आजही शोधविद्येच्या मुळाशी आहे: जो शब्द फार थोड्या नोंदींत आढळतो, त्याला शोधताना अधिक वजन द्यावे. ‘सुंदर रांगोळी’ हे शब्द हजारो व्हिडिओंवर असल्यामुळे ते एका रांगोळीला दुसरीपासून वेगळे करू शकत नाहीत. मग वेगळे करणारे शब्द कोणते?

ठिपक्यांच्या रांगोळीपुरते उत्तर आपल्या रांगोळीच्या वह्यांत कधीपासूनच लिहिलेले आहे. ‘15 ते 8’ असे म्हटले की मधल्या ओळीत 15 ठिपके, आणि तिच्या वर व खाली प्रत्येक ओळीत एक-एक ठिपका कमी करत शेवटच्या ओळीत 8. प्रत्येक ओळीचे ठिपके शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतात, म्हणून बाहेरचा आकार षटकोनी होतो आणि एकूण ठिपके 169 भरतात. ‘15 ठिपके 15 ओळी’ असे लिहिले, तर ठिपके एकाखाली एक येऊन 225 ठिपक्यांचा चौकोन होतो. दोन्हींत 15 हा आकडा आहे आणि ओळीही 15च आहेत, पण एका मांडणीवर दुसरीची रांगोळी बसत नाही. म्हणून वर्णनात नुसते ‘15 ठिपके’ लिहिणे अपुरे आहे. ‘ते’ आणि ‘ओळी’ या शब्दांनीच मांडणी कळते.

ही माहिती व्हिडिओच्या चित्रावरून यंत्राने आपोआप काढावी, अशी अपेक्षा फार भरवशाची नाही. रांगोळी पूर्ण होईपर्यंत बरेच ठिपके रेषांत आणि रंगांत बुजून जातात, आणि मुखचित्र तर पूर्ण झालेल्या रांगोळीचेच असते. ठिपके दिसतात ते सुरुवातीच्या काही क्षणांत, तेही अनेकदा वेग वाढवलेल्या चित्रणात. आवाजावरून उपशीर्षके तयार होतात खरी, परंतु असे कितीतरी व्हिडिओ केवळ संगीतावर असतात.

आता एक उदाहरण घेऊ. 15 ते 8 ठिपक्यांवर मध्ये कमळ आणि भोवती सहा पणत्या काढल्या आहेत, आणि शीर्षक आहे ‘दिवाळी स्पेशल सुंदर रांगोळी’. त्याऐवजी ‘कमळ आणि पणत्यांची रांगोळी, 15 ते 8 ठिपके, लक्ष्मीपूजन’ असे लिहिले की रूप, मांडणी आणि प्रसंग या तिन्ही गोष्टी शीर्षकात येतात. यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, त्यात हे सहज मावते. वर्णनाचे पहिले वाक्य असे लिहावे: ‘मधल्या ओळीत पंधरा (१५) ठिपके, दोन्ही बाजूंना आठपर्यंत कमी, मध्ये कमळ, भोवती पणत्या.’ आकडा अक्षरांत व देवनागरी अंकांतही द्यावा, कारण संगणकाच्या दृष्टीने 15 आणि १५ ही वेगळी चिन्हे आहेत आणि प्रत्येक शोधयंत्र त्यांना एक मानेलच असे नाही. त्याखाली व्हिडिओचे टप्पे वेळेनुसार नोंदवावेत:

```
00:00 ठिपके, 15 ते 8
01:10 कमळ
03:25 पणत्या
05:40 रंग भरणे
```

यूट्यूबवर हे टप्पे दिसण्यासाठी पहिली वेळ 00:00 असावी लागते, निदान तीन टप्पे असावे लागतात आणि प्रत्येक टप्पा किमान दहा सेकंदांचा असावा लागतो.

सर्वांत जास्त गफलत होते ती प्रसंगाच्या बाबतीत. कमळाची रांगोळी लक्ष्मीपूजनाला चालते, तशी मार्गशीर्षातल्या गुरुवारीही चालते. म्हणून काहीजण गुढीपाडव्यापासून संक्रांतीपर्यंत सगळे सण वर्णनात कोंबतात. माझ्या मते हे बघणाऱ्यावर अन्याय करणारे आहे. वसुबारसेसाठी गाय-वासरू शोधणाऱ्या बाईंना कमळ दिसले की त्या लगेच व्हिडिओ सोडतात. व्हिडिओच्या आकडेवारीत कोणत्या शब्दांनी लोक आले हे दिसते; सणाचे नाव शोधून बरेच लोक येत असतील आणि त्या वाटेने आलेल्यांचा पाहण्याचा सरासरी वेळ फार कमी असेल, तर प्रसंग चुकीचा लिहिला आहे असे समजावे.

काही रांगोळ्यांत मात्र रूप आणि प्रसंग वेगळे करताच येत नाहीत. चैत्रांगण हे त्याचे ठळक उदाहरण. चैत्रगौरीच्या महिन्यात अंगणात काढल्या जाणाऱ्या या रांगोळीत झोपाळ्यातली गौर, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मे, कासव, तुळशीवृंदावन अशी कितीतरी चिन्हे असतात. तेथे ठिपक्यांचा आकडा गौण ठरतो आणि चिन्हांची नावेच वर्णनात सविस्तर लिहावी लागतात, कारण चैत्रांगण काढायला बसलेली मुलगी बहुधा ‘चैत्रांगणातले कासव कसे काढावे’ एवढेच शोधत असते.